फोटोत दिसते ती आठी की सुरकुती? फ्लॅश आणि जवळचा कॅमेरा बाजूला काढून तपासायची पद्धत

तक्रार नेहमीची आहे. आरशात चेहरा ठीक दिसतो, पण लग्नाच्या हॉलमध्ये मोबाईलवर काढलेल्या फोटोत भुवयांच्या मधे दोन उभ्या चिरा, कपाळावर तीन आडव्या रेघा आणि डोळ्यांच्या कडेला जाळं. फोन चांगला, फोटो स्पष्ट, म्हणजे फोटोच खरा आणि आरसा खोटा असं वाटू लागतं. अशा फोटोत बहुतेक वेळा तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: त्या क्षणी चेहऱ्यावर असलेला भाव, प्रकाशाने आणि अंतराने वाढवलेली रेघ, आणि खरोखर मुरलेली सुरकुती. फोन टेकवायला एक स्टँड, एक खिडकी, मोजपट्टी आणि पंधरा-वीस मिनिटं असली की या तिन्ही वेगळ्या करता येतात.

आधी फरक कशात आहे

आपल्या भाषेत हा फरक आधीपासून आहे. आठी घालतात, सुरकुती पडते. घातलेली आठी उतरते. पडलेली सुरकुती चेहरा सैल सोडला तरी जागेवर राहते. तपासणीचा सगळा गाभा एवढाच आहे: चेहरा पूर्ण सैल असताना रेघ राहते की जाते.

आठी कुठे आणि कोणत्या दिशेने पडणार हे खालचा स्नायू ठरवतो, आणि रेघ स्नायूच्या ओढीला आडवी पडते. कपाळाचा स्नायू भुवया वर खेचतो, म्हणजे ओढ उभी, म्हणून कपाळावरच्या रेघा आडव्या. भुवयांमधले स्नायू भुवया एकमेकींकडे ओढतात, म्हणून तिथल्या रेघा उभ्या. डोळ्याभोवतीचा स्नायू गोल असतो, म्हणून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून रेघा किरणांसारख्या फाकतात. या नकाशात बसणारी रेघ भावाची असू शकते. जी बसत नाही तिचं कारण वेगळीकडे शोधायचं. गालावरून किंवा कानशिलाजवळून तिरकी जाणारी, आणि झोपायच्या कुशीच्या बाजूलाच दिसणारी रेघ बहुधा उशीच्या दाबाची असते. गालावर बारीक उभ्या-आडव्या रेघांचं जाळं असेल तर ते कोरड्या त्वचेचं असू शकतं. साधं मॉइश्चरायझर लावून वीसेक मिनिटांनी त्याच उजेडात पुन्हा फोटो काढला की ते बरंच पुसट झालेलं दिसतं.

नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी मात्र या हिशोबात धरू नका. ती चेहऱ्याच्या रचनेतली घडी आहे, हसणाऱ्या लहान मुलालाही ती असते. वयानुसार ती खोल होते हे खरं, पण वरून प्रकाश आला की गालाची सावली तिच्यात पडते आणि ती आहे त्याहून कितीतरी जास्त दिसते. फोटो बघताना सगळ्यांची नजर आधी तिथेच जाते, आणि निष्कर्ष काढायला तीच सगळ्यात कमी उपयोगाची.

अंतर: तीस सेंटिमीटर आणि दीड मीटर

हातात धरून काढलेल्या सेल्फीत कॅमेरा नाकाच्या शेंड्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर असतो. कान नाकाच्या शेंड्याच्या मागे सुमारे १२ सेंटिमीटर. म्हणजे नाक ३० वर आणि कान ४२ वर. फोटोत वस्तूचा आकार अंतराच्या उलट प्रमाणात बदलतो, म्हणून नाकाजवळचा भाग कानाजवळच्या भागापेक्षा १.४ पट मोठा येतो. तोच कॅमेरा १५० सेंटिमीटरवर नेला तर १५० आणि १६२, फरक जेमतेम १.०८ पट. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातले बोरिस पासखोव्हर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली हेच गणित नाकासाठी मांडलं: १२ इंचांवरून घेतलेल्या फोटोत नाकाचा तळ ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. नाक फुगतं तसाच नाकाभोवतीचा सगळा मधला भागही फुगतो. भुवयांमधल्या उभ्या रेघा आणि नाकाच्या मुळावरची आडवी रेघ याच भागात येतात, म्हणून सेल्फीत त्याच सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात.

दुसरा परिणाम साधा पण मोठा आहे. मुख्य कॅमेऱ्याच्या १२ मेगापिक्सेल फोटोची लांब बाजू सुमारे ४००० पिक्सेलची असते. नेहमीच्या रुंद लेन्सने ३० सेंटिमीटरवरून काढलं तर त्या लांबीत ४० सेंटिमीटरच्या आसपास जागा मावते, म्हणजे एका पिक्सेलला ०.१ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर रुंदीची रेघ पाच पिक्सेल व्यापते. मग आपण तो फोटो स्क्रीनवर बोटांनी आणखी मोठा करतो, आणि जी रेघ समोर बसून बोलणाऱ्या माणसाला जाणवतही नाही ती खाचेसारखी दिसते. दीड मीटरवरून त्याच लेन्सने तीच रेघ एका पिक्सेलएवढी उरते.

इथे एक सावधगिरी. लांबून रेघ दिसली नाही म्हणजे ती नाही, असं नव्हे. तिला पुरेसे पिक्सेलच मिळाले नसतील. म्हणून दूर जायचं, पण लेन्सही बदलायची. फोनमध्ये २x किंवा ३x ची वेगळी लेन्स असेल तर १.५ मीटरवरून ती वापरा. चेहऱ्याचं प्रमाण अंतराने ठरतं, लेन्सने नाही. लेन्स फक्त चौकट घट्ट करते. वेगळी लेन्स नसेल तर १x वर काढून नंतर कापून घ्या, म्हणजे प्रमाण बरोबर येईल, फक्त बारीक रेघांबद्दल त्या फोटोवरून काही बोलायचं नाही.

फ्लॅश नेमकं काय करतो

इथे एक गैरसमज आधी काढायला हवा. अगदी समोरून, लेन्सच्या जवळून आलेला प्रकाश रेघा वाढवत नाही, उलट पुसतो. रेघ दिसते ती तिच्यातल्या सावलीमुळे, आणि समोरचा प्रकाश सावली पडूच देत नाही. रिंगलाइटमध्ये चेहरा नितळ दिसतो तो यामुळेच. मग फोनचा फ्लॅश लेन्सच्या दीड सेंटिमीटरवर असूनही रेघा का वाढतात? कारणं वेगळी आहेत.

पहिलं कारण त्वचेवर नाहीच, डोळ्यांत आहे. फोन खरा फोटो घेण्याआधी फोकस आणि उजेड मोजायला एकदा लुकलुकतो. अंधाऱ्या हॉलमध्ये तो झोत डोळ्यांवर आला की माणूस नकळत डोळे बारीक करतो, भुवया जवळ येतात, आणि मुख्य फोटो त्याच क्षणी निघतो. डोळ्यांच्या कडेचं जाळं आणि भुवयांमधल्या चिरा ही फ्लॅशनेच घालायला लावलेली आठी असते. हे ओळखायची खूण फोटोतच असते: खालची पापणी थोडी वर चढलेली दिसते आणि बुबुळाची खालची कड तिच्याखाली झाकली जाते. त्याच माणसाच्या उजेडातल्या शांत फोटोशी पापणीची जागा ताडून पाहा.

दुसरं कारण चमक. फ्लॅशचा दिवा लहान असतो, त्यामुळे तेलकट किंवा घामट त्वचेवर तो ठळक पांढरा चट्टा उमटवतो. दोन रेघांमधला उंचवटा चमकतो आणि शेजारची रेघ त्याच्या तुलनेत काळी पडते. हळदीच्या दिवशी तेल लावलेल्या चेहऱ्याचे फ्लॅशमधले फोटो म्हणूनच निष्ठूर येतात. मेकअप असेल तर फाउंडेशन आणि पावडर बारीक रेघांत साचते आणि त्या रेघा आखल्यासारख्या होतात. तपासणीच्या फोटोसाठी चेहरा धुऊन, टिपून, दहा मिनिटं तसाच ठेवायचा.

तिसरं कारण जवळच्या अंतराचंच. प्रकाशाचा जोर अंतराच्या वर्गाने घटतो. फोन ३० सेंटिमीटरवर असताना नाकाला कानाच्या जवळजवळ दुप्पट उजेड मिळतो; १.५ मीटरवर हा फरक १७ टक्क्यांच्या आसपास राहतो. जवळून काढलेल्या फोटोत चेहऱ्याचा मध्य पेटलेला आणि कडा विझलेल्या, आणि फोन ते झाकायला कडांचा उजेड नंतर वर खेचतो, सोबत रेघांच्या कडाही धारदार करतो.

फोटोग्राफरच्या मोठ्या कॅमेऱ्याचं गणित निराळं आहे. डोक्यावर बसवलेला फ्लॅश लेन्सच्या साधारण १२ सेंटिमीटर वर असतो. अर्ध्या मीटरवरून काढलं तर तो प्रकाश सुमारे १३ अंशांनी वरून येतो आणि कपाळाच्या प्रत्येक आडव्या रेघेत सावली भरतो, १.५ मीटरवरून तो कोन ५ अंशांच्या आत येतो. हॉलच्या छतातले फोकस लाइट तर थेट डोक्यावर असतात. पुष्कळदा दोष फ्लॅशला दिला जातो आणि रेघा कोरलेल्या असतात त्या छतातल्या दिव्यांनी.

सावलीवरून खोली का मोजता येत नाही

समजा रेघेची कड ०.२ मिलिमीटर उंच आहे. प्रकाश त्वचेला घासत, २० अंशांच्या कोनाने आला तर सावली सुमारे ०.५५ मिलिमीटर लांब पडते. तोच प्रकाश ६० अंशांवर गेला तर सावली ०.१२ मिलिमीटरच्या आसपास. रेघ तीच, सावली जवळपास पाचपट कमी. म्हणून एकाच फोटोवरून ‘खोल’ किंवा ‘वरवरची’ असं ठरवूच नये.

दिशेचाही असाच खेळ आहे. प्रकाश रेघेला आडवा आला तर ती उठून दिसते, रेघेच्या रोखाने आला तर ती बुडते. बाजूच्या खिडकीत भुवयांमधल्या उभ्या रेघा ठसठशीत दिसतील आणि कपाळाच्या आडव्या पुसट होतील. वरच्या दिव्याखाली बरोबर उलट. आरशात रेघ नाही आणि फोटोत आहे, याचं निम्मं उत्तर एवढंच असतं की न्हाणीघरातला दिवा आरशाच्या वर समोर असतो आणि फोटोच्या वेळी दिवा दुसरीकडे होता.

यातून एक उपयोगी चाचणी मिळते. प्रकाश डावीकडून उजवीकडे नेला की खऱ्या खाचेतली सावली एका काठावरून दुसऱ्या काठावर सरकते. जी रेघ सरकत नाही ती खाच नाही, रंग आहे. उन्हात डोळे बारीक करून काम करणाऱ्यांच्या डोळ्यांच्या कडेला घडीच्या तळाशी ऊन पोचत नाही, म्हणून तिथे फिकट रेघा राहतात; चेहरा सैल असतानाही त्या दिसतात, पण त्वचा तिथे सपाट असू शकते.

तपासणीचे फोटो कसे काढायचे

फ्लॅश बंद, ब्युटी मोड बंद, पोर्ट्रेट मोड बंद. पुढच्या कॅमेऱ्यात चेहरा नितळ करायची सोय पुष्कळ फोनमध्ये आधीपासून चालू असते, म्हणून मागचाच कॅमेरा घ्या. फोन स्टँडवर डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि नाकापासून १.५ मीटर मोजपट्टीने मोजा. अंदाजाने ठेवलेला फोन नेहमी जवळच येतो. टायमर १० सेकंदांचा. समोर, फोनच्या मागे, पातळ पडदा ओढलेली मोठी खिडकी असावी, ऊन थेट आत येत नसावं. खोलीतले दिवे बंद. डोकं सरळ: कानाचं छिद्र आणि डोळ्याच्या खालची कड एका आडव्या रेषेत. हनुवटी वर गेली तर कपाळ वेगळ्या कोनात जातं आणि पुढच्या वेळचा फोटो जुळत नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. सैल चेहऱ्याचा फोटो सगळ्यात आधी, कारण जोरात आठी घातल्यावर तिचा वण काही वेळ त्वचेवर राहू शकतो. डोळे मिटून दहा सेकंद जबडा सैल सोडा, दात एकमेकांवर टेकलेले नकोत, मग डोळे उघडून फोनच्या मागे दूरवर बघा. फोनकडे नको: चाळिशी लागलेला माणूस जवळचा पडदा वाचायला भुवया आवळतो आणि सैल चेहऱ्याचा फोटो तिथेच बिघडतो. यानंतर भुवया जितक्या जातील तितक्या वर, मग जोरात आठी, मग डोळे घट्ट बारीक, मग मोठं हसू. प्रत्येकाचा एक फोटो.

यात एक फोटो आणखी हवा, आणि तो बहुतेक जण काढतच नाहीत: डोळे हलकेच मिटलेला. काहींच्या वरच्या पापण्या जड किंवा उतरलेल्या असतात. नीट दिसावं म्हणून त्यांचं कपाळ दिवसभर भुवया वर धरून ठेवतं, आणि हे त्यांना ठाऊक नसतं. त्यांच्या ‘सैल’ फोटोतही कपाळावर रेघा असतातच. डोळे हलके मिटले की कपाळ काम सोडतं आणि रेघा उतरतात. डोळे उघडे असताना आहेत आणि मिटल्यावर नाहीत, तर ती सुरकुती नव्हे, सततची आठी आहे. अशा वेळी पापण्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवणं कपाळाला क्रीम लावण्यापेक्षा जास्त कामाचं.

शेवटी तोच सैल चेहरा खिडकीला उजवा गाल आणि मग डावा गाल करून. या दोन फोटोंत सावली सरकते का ते बघायचं.

एक नमुना

समजा चव्वेचाळीस वर्षांच्या एका बाईंचा हॉलमधला फोटो आहे: फ्लॅश चालू, अंतर हातभर. कपाळावर तीन आडव्या रेघा, भुवयांमधे दोन उभ्या, दोन्ही डोळ्यांच्या कडेला तीन-चार किरणं.

दीड मीटरवरच्या सैल फोटोत डोळ्यांकडची किरणं गेली. हॉलच्या फोटोत खालची पापणी चढलेली होती, इथे नाही. म्हणजे ते जाळं फ्लॅशच्या झोताने आणलेलं. कपाळावरच्या तीन रेघांपैकी दोन अजून हलक्या दिसतात, पण डोळे मिटलेल्या फोटोत त्याही नाहीत. म्हणजे आठी, आणि भुवया उचलून धरायची सवय. भुवयांमधल्या दोनपैकी डावी रेघ मात्र सैल फोटोतही आहे, डोळे मिटूनही आहे, आणि खिडकी डावीकडून उजवीकडे गेली तशी तिची सावली काठ बदलते. आता आरशासमोर दोन बोटांनी त्या जागेची त्वचा हळूच दोन्हीकडे ताणायची. ताणल्यावर रेघ पूर्ण गेली तर ती वरवरची, नुकती ठरू लागलेली. ताणूनही पुसट खूण राहिली तर मुरलेली. इथे ती जाते. म्हणजे हॉलच्या फोटोतल्या अकरा-तेरा रेघांपैकी सैल चेहऱ्यावर टिकणारी एकच, तीही सुरुवातीची.

हा फरक उपचारालाही लागतो. स्नायू सैल करणारं बोट्युलिनम टॉक्सिन आठीवर चालतं, कारण ती स्नायूने केलेली असते. अमेरिकेत २००२ साली भुवयांमधल्या याच रेघांसाठी त्याला मान्यता मिळाली. स्नायू थांबूनही उरणारी मुरलेली खाच त्याने पूर्ण भरून येत नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना हॉलचा एक फोटो नेण्याऐवजी वरचा संच न्या. तिथेही सैल चेहरा आणि जोराची आठी दोन्ही बघितली जातात.

तरीही जुळत नसेल तर

दोन वेळच्या फोटोंत रेघ कधी आहे कधी नाही, असं होत असेल तर आधी अंतर पुन्हा मोजा, मग वेळ बघा. सकाळी उठल्या उठल्या उशीच्या खुणा असतात, म्हणून उठल्यावर दोनेक तास जाऊ द्या. पडदा, खुर्चीची जागा आणि लेन्स लिहून ठेवा, जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा. व्हॉट्सॅपवरून आलेला फोटो तुलनेला घेऊ नका. तो दाबून लहान केलेला असतो आणि बारीक रेघा त्यात आधीच गेलेल्या असतात. सेल्फीत उजवी-डावी बाजू उलटी साठवलेली असू शकते, म्हणून कुठली रेघ कुठल्या बाजूची हे तीळ किंवा टिकलीची जागा पाहून पक्कं करा.

आणि एक गोष्ट फोटोची नाही. भुवया वर केल्यावर कपाळाच्या एकाच बाजूला रेघा पडत असतील, दुसरी बाजू सपाट राहत असेल आणि हे पूर्वी नव्हतं, तर रेघांची बाजू ठीक आहे आणि सपाट बाजू दुबळी पडली आहे. कपाळावर दोन्ही बाजूंना आठ्या पडत असूनही तोंड अचानक एका बाजूला ओढलं जात असेल तर ते त्याहून गंभीर, तो पक्षाघात असू शकतो. दोन्हींत पुढचा फोटो काढत बसू नका, त्याच तासात दवाखाना गाठा. तोंड असं ओढलं गेलं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात.